वाळू नको, गर्दी नको, पण समुद्र हवा: खडपाचा किनारा तिथी पाहून निवडावा

प्रश्न: "आम्ही कोल्हापूरचे. डिसेंबरमध्ये चार दिवस समुद्रावर जायचा विचार आहे. मला आणि बायकोला वाळू अजिबात सहन होत नाही आणि गर्दी तर त्याहून नको. सोबत सत्तरीतले आई-वडील आणि बारा वर्षांचा मुलगा आहे. खडकाळ शांत किनारा किंवा लगूनसारखे संथ पाणी जवळपास कुठे मिळेल?"

उत्तर:

कोकणात गर्दी वाळूच्या मागे जाते, ही तुमच्या सोयीची गोष्ट आहे. आपल्याकडून निघणाऱ्या बहुतेक गाड्या गणपतीपुळे किंवा मालवण-तारकर्लीकडे वळतात, कारण तिथे लांब पुळण आहे, गाडी वाळूपर्यंत जाते आणि मुलांना पाण्यात सोडता येते. जिथे पुळण नाही, रस्ता सड्यावर, म्हणजे कड्यावरच्या उघड्या कातळपठारावर, येऊन संपतो आणि खाली फक्त काळे-तांबडे खडप, म्हणजे खडकाळ किनारा, दिसते, तिथे हे काहीच जमत नाही, म्हणून तिथे सहसा कोणी थांबत नाही. त्यामुळे वाळू टाळली की गर्दी बऱ्याच अंशी आपोआप टळते. अपवाद आहे तो सूर्यास्ताच्या ठिकाणांचा. कड्यावरचे एखादे ठिकाण समाजमाध्यमांवर गाजले की रविवारी संध्याकाळी तिथे गाड्यांची रांग लागते. तीच जागा दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता रिकामी असते.

लगूनचे मात्र आधीच स्पष्ट सांगतो. प्रवाळाच्या कड्याने वेढलेले निळे, उथळ पाणी आपल्या किनाऱ्यावर नाही. त्यासाठी लक्षद्वीप गाठावे लागते, आणि तिथे पाणी संथ असले तरी पायाखाली प्रवाळाची बारीक पांढरी वाळूच असते. तुम्हाला हवे असलेले संथ पाणी कोकणात खाडीत मिळते. दोन्ही काठांना कांदळवन, मध्ये भरतीचे तुडुंब पाणी आणि लाटेचा मागमूस नाही, असे ते दृश्य असते. मात्र हीच खाडी सहा तासांनी पाहिली तर चिखलाचा उघडा पट्टा आणि मध्ये पाण्याची एक धार एवढेच दिसते. खडपाचेही तसेच आहे. ओहोटीला जिथे तासभर बसता येते, तिथे भरतीला उभे राहायलाही जागा नसते. पुळणीवर गेलेल्या माणसाला भरती-ओहोटीची फारशी फिकीर करावी लागत नाही, पण तुम्ही निवडलेल्या किनाऱ्यावर सगळा दिवस तिच्या वेळेवर बेतावा लागतो. म्हणून लहान गटांना घेऊन जाताना मी जागेच्या आधी तिथी ठरवतो. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न "कुठे" यापेक्षा "कधी" हा आहे.

त्यासाठी एक जुना हिशोब आहे, जो किनाऱ्यावरची जुनी माणसे तोंडी करतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला. पौर्णिमा किंवा अमावास्या पंधरावी धरली की सव्वाअकरा येतात. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे स्थानिक बोलीतली सुकती, लागते. हा हिशोब अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो, त्यामुळे त्यावर बेत आखावा. प्रत्यक्ष वेळ मात्र त्या बंदराच्या भरतीच्या तक्त्यातून किंवा गावातल्या मच्छीमाराकडून पक्की करून घ्यावी.

वेळेइतकेच महत्त्व पाणी किती उतरते यालाही आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, आणि त्याचा जोर तिथीनंतर एक-दोन दिवस टिकतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या पट्ट्यात उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत ढोबळमानाने दोन मीटरचा फरक पडतो. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा हा फरक निम्म्याहूनही कमी होतो. खडपावर उतरून डबकी पाहायची असतील तर उधाणानंतरचे दिवस हवेत, कारण तेव्हाच खालचा खडक उघडा पडतो. खाडीत होडीतून फिरायचे असेल तर भांगाकडचे दिवस बरे, कारण तेव्हा चिखल कमी उघडा पडतो आणि पाण्याची ओढही सौम्य असते.

आता तुमचे चार दिवस या हिशोबात बसवून पाहू. मी तृतीया ते षष्ठी हे दिवस सुचवेन. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, हिशोब तोच राहतो. तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे सकाळची सुकती आठ-साडेआठला येते. चतुर्थीला ती नऊच्या आसपास आणि पंचमीला साडेनऊ ते दहाच्या दरम्यान येईल. हे तास डिसेंबरात फार चांगले असतात, आणि त्याचे कारण किनाऱ्याच्या दिशेत आहे. आपला किनारा पश्चिमाभिमुख आहे आणि सूर्य मागून, सड्याच्या बाजूने वर येतो, त्यामुळे उंच कड्याखालचे खडप सकाळी बराच वेळ सावलीत राहते. वारादेखील सकाळी जमिनीवरून समुद्राकडे असतो, म्हणून पाणी शांत असते. दुपारनंतर समुद्रावरचा वारा सुटतो, पाण्याला खळबळ येते आणि कातळ तापतो. षष्ठीची सुकती साडेदहाच्या पुढे जाते आणि तोवर ऊनही चढलेले असते, म्हणून चौथा दिवस खडपासाठी धरू नये. खाडीचे गणित मात्र दिवसागणिक सुधारत जाते. पंचमीला भरती पावणेचारला आणि षष्ठीला साडेचारला, म्हणजे उतरत्या उन्हात खाडी काठोकाठ भरलेली मिळते.

जागेसाठी कोल्हापुरातून मी राजापूर तालुक्याचा आणि त्याला लागून असलेल्या पूर्णगडचा किनारा निवडेन. मलकापूरवरून अणुस्कुरा घाट उतरून पाचल, ओणी असे गेले की चार-साडेचार तासांत आपण त्या भागात पोहोचतो. आंबा घाट आणि पावसमार्गेही जाता येते. पूर्णगड, कशेळी आणि आंबोळगड ही तिन्ही ठिकाणे एका मुक्कामातून करता येण्याइतकी जवळ आहेत, त्यामुळे आई-वडिलांना रोज सामान बांधावे लागत नाही.

कशेळीला कनकादित्याचे सूर्यमंदिर आहे आणि गावाच्या समुद्राकडच्या बाजूला देवघळी आहे. दोन कड्यांच्या बेचक्यात समुद्र आत शिरलेला दिसतो. तळाशी थोडी वाळू आहे, पण ती वरून पाहण्यापुरतीच. आई-वडिलांनी खाली उतरू नये. सड्यावर सपाट जागी खुर्ची टाकून बसले तरी सगळा देखावा समोर असतो. हीच ती जागा, जिथे सुट्टीच्या संध्याकाळी लोक जमतात, म्हणून तिथे सकाळीच जावे. आंबोळगडला सड्याच्या कडेला गगनगिरी महाराजांचा आश्रम आहे. गगनबावड्याच्या मठामुळे आपल्याकडच्या लोकांना हे नाव नवीन नाही. तिथून खाली आपटणारा समुद्र पायाला वाळू न लागता पाहता येतो. पूर्णगड हा मुचकुंदी खाडीच्या मुखावरचा छोटा किल्ला आहे. गावातून थोडी चढण आहे, सत्तरीतली माणसे थांबत थांबत चढू शकतात, आणि तटावरून एका बाजूला समुद्र तर दुसऱ्या बाजूला खाडी दिसते. वडिलांचे गुडघे कसे आहेत यावर हे अवलंबून आहे; दुखत असतील तर किल्ला सोडावा आणि खाडीकाठीच बसावे.

खडपावर उतरणे हे मात्र तुम्ही दोघांनी आणि मुलाने करायचे काम आहे, आणि ते कसे करावे हे जरा सविस्तर सांगतो, कारण अपघात इथेच होतात.

उतरण्याआधी दहा-पंधरा मिनिटे वरूनच लाटा पाहाव्यात. लाटा सारख्या नसतात; बऱ्याच लहान लाटांनंतर दोन-तीन मोठ्या लाटा एकामागून एक येतात. त्यांतील सर्वांत मोठी लाट जिथवर पोहोचते, त्याच्याही बरेच अलीकडे आपली हद्द मानावी. खडकाचे रंगही हेच सांगतात. सर्वांत वर जांभ्याचा कोरडा तांबूस खडक असतो, त्याखाली काळपट पट्टा, त्याच्याखाली पांढरी खरखरीत पुटे धरलेला भाग आणि शेवटी हिरवे-तपकिरी शेवाळ. काळ्या पट्ट्यावर लाटांचे तुषार येतात आणि उधाणाचे पाणीही चढते. पांढऱ्या पुटांचा भाग दररोज भिजतो. शेवाळाचा भाग बहुतेक वेळ पाण्याखालीच असतो. बसायचे, डबा उघडायचा किंवा बॅग ठेवायची तर काळ्या पट्ट्याच्या वरच. चालायचे ते पांढऱ्या भागावर, कारण तिथे पाय धरतो. हिरव्या शेवाळावर पाऊल टाकू नये, आणि काळा खडक ओला असेल तर त्याच्यावरही विश्वास ठेवू नये. तो दिसायला कोरडा आणि पायाला साबणासारखा असतो.

पायांत चप्पल चालत नाही. ती घसरते, आणि खडकाला चिकटलेल्या कालवांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, कडा वस्तऱ्यासारख्या असल्यामुळे पडताना टेकलेला हातही कापला जातो. मागून पट्टा असलेले रबरी तळाचे बूट किंवा जुने कॅनव्हासचे बूट घालावेत, जे भिजले तरी चालतील. कालवाने झालेली जखम लहान दिसली तरी आत कपच्या राहतात आणि ती चिघळते, म्हणून ती गोड्या पाण्याने भरपूर धुऊन, साफ करून मगच पट्टी बांधावी.

पूर्ण सुकतीच्या तास-दीड तास आधी उतरावे आणि सुकतीनंतर तासाभरात वर यावे. भरतीचे पाणी पहिल्या तासात फारसे चढत नाही, त्यामुळे माणूस गाफील राहतो. तिसऱ्या-चौथ्या तासात ते झपाट्याने चढते. शिवाय ते नेहमी समोरूनच येते असे नाही. खडपात घळी असतात, आणि तुम्ही पुढच्या उंच खडकावर बसलेले असताना मागची घळ आधी भरते. पुढचा खडक कोरडा असतो, समुद्रही शांत दिसतो, पण परतीची वाट कमरेइतक्या पाण्याखाली गेलेली असते. म्हणून जाताना ओलांडलेली प्रत्येक घळ लक्षात ठेवावी आणि तिच्यात पाणी हलताना दिसले की लगेच परत फिरावे.

कड्याखालची दुसरी भीती वरून असते. या भागात जांभ्याच्या कठीण थराखाली मऊ चिकणमातीचा थर असतो. लाटा आणि पावसाचे पाणी तो मऊ थर पोखरतात आणि वरचा जांभा अधांतरी राहतो, तो कधीतरी कोसळतो. ताजी पडझड ओळखता येते. कड्यावर गडद लाल, न काळवंडलेला चट्टा दिसतो आणि पायथ्याशी धारदार कडांचे, पुटे न धरलेले दगड पडलेले असतात. अशा ठिकाणी सावली कितीही छान असली तरी बसू नये. त्याच कारणाने वर सड्यावरही अगदी कडेला उभे राहू नये, कारण आपण उभे आहोत त्याखाली काय उरले आहे हे वरून दिसत नाही.

एवढी काळजी घेतल्यावर मिळते काय, हेही सांगितले पाहिजे. सुकतीला खडपाच्या खळग्यांत पाणी साचून डबकी तयार होतात. परातीएवढ्या एका डबक्याशी मुलाला पाच मिनिटे न हलता बसवा. सावली पाण्यावर पडू देऊ नका. आधी रिकामे वाटणारे डबके हळूहळू हलू लागते. कडेचा एक शंख चालू लागतो, कारण त्यात शंख बळकावून राहिलेला खेकडा असतो. खडकाला चिकटलेला लिबलिबीत गोळा हात उघडून समुद्रफूल होतो. तळाच्या रंगाचे बोटभर मासे एका फटीतून दुसऱ्या फटीत जातात. बारा वर्षांच्या मुलासाठी हे पुळणीवरच्या किल्ल्यापेक्षा फार मोठे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त काहीही उचलायचे नाही. शंकूच्या आकाराचा सुंदर नक्षीचा जिवंत शंख विषारी डंख मारू शकतो, काटेरी समुद्रसाळूचे काटे पायात मोडतात, आणि प्रवाळाला तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे तुटलेला तुकडाही घरी आणू नये.

आणखी एक सूचना खास कोल्हापूरकरांसाठी. पंचगंगेच्या घाटावरून उड्या मारायला शिकलेल्या मुलाला खडकावरून समुद्रात सूर मारावासा वाटतो. तो मारू देऊ नये. पाण्याखाली कातळ किती खोल आहे हे दिसत नाही, खोली दर तासाला बदलते, आणि पोहता आले तरी कालवांनी मढलेल्या खडकावर लाटेतून परत चढणे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जमत नाही. पाण्यात शिरण्याची हौस असेल तर ती डबक्याच्या काठी पाय सोडून भागवावी.

खाडीसाठी पंचमी किंवा षष्ठीला पूर्ण भरतीच्या तासभर आधी होडीत बसावे, चढत्या पाण्याबरोबर आत जावे आणि पाणी फिरले की परत यावे. याने होडी गाळात रुतत नाही आणि कांदळवनाच्या मुळांपर्यंत पाणी चढलेले असल्याने काठाजवळून जाता येते. खंड्या, बगळे आणि तांबूस पाठीची ब्राह्मणी घार हमखास दिसते. इथे ठरलेल्या दराच्या फेऱ्या असतीलच असे नाही. घरमालकाकडून ओळखीचा होडीवाला आदल्या दिवशी ठरवावा, सर्वांना अंगरखे, म्हणजे लाइफ जॅकेट, मिळतील ना हे आधी विचारावे आणि ती नसतील तर होडी सोडून द्यावी. खाडीच्या मुखाकडे होडी नेऊ नये. तिथे गाळाच्या उंचवट्यावर लाटा फुटतात, आणि ओहोटीला संपूर्ण खाडीचे पाणी त्या चिंचोळ्या मुखातून समुद्राकडे ओढले जाते. याच कारणाने मुखाजवळ ओहोटीत पोहणेही टाळावे, पाणी कितीही संथ दिसले तरी.

तारखा निवडताना डिसेंबरचा शेवटचा आठवडा सोडावा. तेव्हा अशा गावांतली घरेही भरलेली असतात आणि दर वाढलेले असतात. पहिल्या तीन आठवड्यांत जी तृतीया आठवड्याच्या मधल्या वारी येते, ती उत्तम. सुट्टी शनिवार-रविवारलाच जोडून मिळणार असेल, तर ते दोन दिवस खडपाला द्यावेत, कारण सकाळी तिथे सुट्टीच्या दिवशीही कोणी नसते. आणि तिथी तुमच्या हातात नसेल, समजा अष्टमीच्याच सुमारास जावे लागले, तर बेत उलटा करावा. तेव्हा सुकती भर दुपारी बाराला येते, पाणीही फार उतरत नाही, म्हणून खडपावर उतरण्याचा आग्रह सोडून सकाळ सड्यावर आणि किल्ल्यावर घालवावी. भरती संध्याकाळी सहाला असल्याने मावळतीच्या वेळी खाडी भरलेली मिळते.

राहण्याची जागा ठरवताना घरमालकाला तीन गोष्टी विचाराव्यात: घरापासून पाण्यापर्यंतची वाट पायऱ्यांची आहे की निसरड्या उताराची, आई-वडिलांसाठी खोलीला लागून कमोड आहे का, आणि आपल्या तारखांना सकाळची सुकती किती वाजता आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जो न अडखळता देतो, त्याचे घर समुद्राच्या जवळ असते आणि होडीवालाही बहुधा त्याच्याच ओळखीचा निघतो.